साप्ताहिक दूध संकलन अहवाल स्वयंचलित करण्यास परवानगी मिळण्याबाबत

दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक (दूध संकलन),
मुख्य कार्यालय

माननीय महोदय,

दर सोमवारी आपणांस सादर होणारा साप्ताहिक संकलन अहवाल सध्या पूर्णपणे हाताने जुळवला जातो. बारा शीतकरण केंद्रांच्या सीएसव्ही फाईली एकेक उघडायच्या, त्यांतील नोंदी मूळ एक्सेल फाईलमध्ये कॉपी-पेस्ट करायच्या आणि संस्थानिहाय लिटर, फॅट व एसएनएफ यांची जुळणी करायची, यात जवळजवळ सबंध दिवस जातो आणि अहवाल आपल्या टेबलावर येईपर्यंत संध्याकाळचे पाच वाजतात. एवढे जुळणीचे काम एक्सेलमधीलच पॉवर क्वेरी या सुविधेकडून करून घेण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती आहे. ही सुविधा आपल्याकडील एक्सेलमध्ये आधीपासूनच असल्याने नवीन खरेदी करावी लागणार नाही, आणि दहा दिवसांच्या दूध बिलाच्या प्रणालीला कोठेही हात लावला जाणार नाही.

अहवाल दुपारी बाराच्या आत तयार झाल्यास टँकरच्या फेऱ्यांचे नियोजन त्याच दिवशीच्या आकड्यांवर करता येईल, हा पहिला फायदा. माझ्या मते त्याहून मोठा फायदा वेगळा आहे. आज आकडे गोळा करण्यातच वेळ संपत असल्याने ते तपासायला उसंत राहत नाही. एखाद्या संस्थेची फॅट अचानक का घसरली, केंद्रावरील मोजमाप आणि टँकर चलन यांत तफावत का आली, हे प्रश्न बुधवार-गुरुवारपर्यंत मागे पडतात, आणि तोवर दुधाचा नमुनाही हाती राहिलेला नसतो. शिवाय हाताने लिहिलेली सूत्रे दर आठवड्याला ओढून-ताणून वापरली की चुकीची शक्यता राहतेच. उदाहरणार्थ, एका केंद्राचे १०,००० लिटर दूध ३.६ फॅटचे आणि दुसऱ्याचे २,००० लिटर ४.२ फॅटचे असेल, तर खरी सरासरी ३.७ येते, पण दोन फॅटची नुसती सरासरी काढणारे सूत्र चुकून राहिले, तर तीच ३.९ दिसते. प्रमाणित सूत्र एकदाच तपासून कायम केले की हा धोका उरत नाही.

आता जोखमीविषयी. एखाद्या केंद्राच्या मशीनमधील रकान्याचे नाव बदलले, तर काम तिथेच थांबेल आणि पडद्यावर `The column 'FAT' of the table wasn't found.` असा संदेश येईल. ही अडचण मी किरकोळ मानतो, कारण ती लगेच दिसते. भीती आहे ती न दिसणाऱ्या चुकांची. एका केंद्राची फाईल आलीच नाही, तरी बाकी अकरा केंद्रांचा नीटनेटका अहवाल तयार होईल; तीच फाईल दोनदा आली, तर दूध दुप्पट मोजले जाईल. ०५/०६/२०२५ ही तारीख ५ जूनऐवजी ६ मे अशी वाचली जाऊ शकते, आणि `00347` हा संस्था क्रमांक `347` होऊन मूळ यादीशी जुळेनासा होऊ शकतो. म्हणून तारखेचा नमुना आणि क्रमांकाचा मजकूर-प्रकार आधीच ठरवून दिला जाईल. केंद्र, संस्था, तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि गाय-म्हैस या पाच बाबी सारख्या असलेली दुसरी नोंद वेगळी काढून दाखवली जाईल. आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर केंद्रनिहाय एकूण लिटर टँकर चलनांच्या बेरजेसमोर मांडले जातील. तो तक्ता जुळल्याशिवाय अहवाल पुढे पाठवला जाणार नाही, आणि ही तपासणी माणसानेच करायची आहे.

आणखी एक जोखीम म्हणजे हे काम माझ्या एकट्यावर अवलंबून राहणे. मी रजेवर असताना अहवाल अडू नये, यासाठी सर्व पायऱ्या मराठीत लिहून ठेवीन आणि विभागातील दुसऱ्या सहकाऱ्याकडून एक अहवाल माझ्या मदतीशिवाय तयार करून घेईन. मॅक्रोचा वापर मी हेतुपुरस्सर टाळला आहे. बाहेरून आलेल्या फाईलमधील मॅक्रो एक्सेल अडवते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. उत्पादकांची बँक खाती या अहवालाला लागत नाहीत, त्यामुळे ते रकाने सुरुवातीलाच वगळले जातील.

परवानगी मिळाल्यास १६ जून ते ७ जुलै या चार सोमवारी दोन्ही पद्धतींनी अहवाल तयार करून फरकाचा तक्ता आपणांस सादर करीन. या काळात अधिकृत अहवाल हाताने केलेलाच राहील, आणि त्या सोमवारी माझे काम वाढेल, याची मला कल्पना आहे. चारही आठवड्यांतील प्रत्येक फरकाचे कारण सापडले, तरच नवी पद्धत स्वीकारावी. न सापडल्यास जुनी पद्धत चालू ठेवता येईल. पुष्टकाळात आवक वाढण्याआधी ही चाचणी पूर्ण व्हावी, असे वाटते.

यासाठी मला संगणक विभागाकडून केंद्रांच्या सामायिक फोल्डरवर फक्त वाचनाचा अधिकार लागेल. तसेच सर्व केंद्रांनी सोमवारी सकाळी नऊपर्यंत फाईल व्हॉट्सॲपवर न पाठवता त्याच फोल्डरमध्ये ठेवावी, अशी सूचना आपल्या सहीने जावी, ही विनंती. सूचनेचा मसुदा सोबत जोडला आहे.

आपला विश्वासू,
वरिष्ठ साहाय्यक,
दूध संकलन विभाग

सोबत : केंद्रांना द्यावयाच्या सूचनेचा मसुदा