रिसर्च स्टेटमेंट: काँक्रीटच्या आत सळईला गंज कधी आणि कुठून लागतो

पद: असिस्टंट प्रोफेसर, सिव्हिल इंजिनिअरिंग (मटेरियल्स)

समितीत सगळेच काँक्रीटवाले नसणार हे धरून लिहितोय, त्यामुळे जिथे साधा शब्द चालतो तिथे साधाच वापरलाय. डिटेल हवे असतील तर जोडलेल्या पेपर्समध्ये आहेत.

प्रश्न काय आहे

काँक्रीटमध्ये घातलेली सळई खरं तर गंजायला नको. काँक्रीटच्या बारीक छिद्रांमधलं पाणी भयंकर अल्कलाइन असतं, पीएच साधारण १२.५ ते १३.५, आणि अशा पाण्यात स्टीलवर आपोआप एक ऑक्साइडचा पापुद्रा बनतो, फक्त काही नॅनोमीटर जाड. तेवढा शाबूत आहे तोवर सळईला काही होत नाही. तो दोन रस्त्यांनी जातो. एकतर हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि पीएच ९ च्या खाली आणतो, नाहीतर समुद्राच्या पाण्यातून किंवा रस्त्यावर टाकलेल्या मिठातून क्लोराइड आत येतं आणि पापुद्र्याला एखाद्याच जागी भोक पाडतं. मग गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा लागते, आतून दाब येतो, काँक्रीटला तडे जातात, कव्हर म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर सुटतो, आणि तेव्हा कुठे बाहेरच्या माणसाला कळतं की आत काहीतरी चाललंय, म्हणजे उशीर झालेला असतो.

१९८२ मध्ये टुट्टी यांनी या सगळ्याचे दोन टप्पे मांडले, गंज सुरू होईपर्यंतचा काळ आणि सुरू झाल्यानंतरचा, आणि आजही आपण डिझाइन करताना त्याच चौकटीत विचार करतो. चौकट चांगली आहे, माझं भांडण तिच्याशी नाही. माझं म्हणणं एवढंच की पहिला टप्पा संपतो कधी हे ठरवायला आपण बहुतेक वेळा काँक्रीट मोजतो, त्यात क्लोराइड किती, ते किती वेगाने सरकतं वगैरे, आणि सळईला चिकटलेला जो मिलिमीटरभरसुद्धा नसलेला थर आहे, जिथे खरा निकाल लागतो, तो बघतच नाही. किती क्लोराइड झालं की गंज लागतो, या एका आकड्यावर वेगवेगळ्या अभ्यासांची उत्तरं एकमेकांच्या कितीतरी पट असतात. मला हा मोजणाऱ्यांचा निष्काळजीपणा वाटत नाही, सळईभोवतीची परिस्थितीच दर नमुन्यात वेगळी असते.

आतापर्यंत काय केलं

पीएचडीत मी हाच थर बघायला घेतला. ४८ नमुने ओतले, प्रत्येकात एक आडवी सळई, काहींना व्हायब्रेटर नीट लावला आणि काहींना मुद्दाम कमी, मग आठवड्याला मिठाच्या पाण्यात बुडवायचं आणि वाळवायचं असं चक्र लावलं. पहिलं वर्ष जवळजवळ वाया गेलं. सळईचं पोटेन्शियल, म्हणजे तिचं व्होल्टेज, मी सतत मोजत होतो, ते पडलं की गंज लागला असं धरतात. ११ नमुन्यांमध्ये ते एकदम पडलं, मी खूश, लगेच फोडले, तर आतली सळई स्वच्छ आणि गंज लागलेला होता टोकाला, जिथे वायर जोडून इपॉक्सी लावलं होतं त्याच्या फटीत. म्हणजे मी मोजत होतो ते माझंच जोडकाम. नंतर टोकांना आधी सिमेंटच्या दाट पेस्टचा लेप आणि त्यावर इपॉक्सी असं करायला लागलो, तेव्हापासून हा त्रास मिटला. थिसिसमध्ये हा भाग अर्ध्या पानात आहे पण माझ्या मते मी सगळ्यात जास्त तिथेच शिकलो.

उरलेल्या नमुन्यांमध्ये खरा गंज लागला. पद्धत अशी की पोटेन्शियल पडलं की नमुना एक्स-रे स्कॅनमध्ये ठेवायचा, सळईभोवतीच्या पोकळ्यांचा नकाशा काढायचा, मग सळईच्या लांबीत फोडून दोन तुकडे करायचे आणि ताज्या फुटलेल्या भागावर सिल्व्हर नायट्रेट फवारायचं. क्लोराइड पोचलंय तिथे पांढरं होतं, नाही तिथे तपकिरी. ते बघण्यासारखं असतं, पांढरा पट्टा सळईपर्यंत जवळजवळ सगळीकडे सारखा पोचलेला, पण खड्डे दोन किंवा तीनच, तिळाएवढे, आणि तेही सळईच्या खालच्या बाजूला. काँक्रीट ओतल्यावर पाणी वर चढतं, सळईच्या पोटाखाली अडकतं आणि तिथे सच्छिद्र थर राहतो, हे जुनंच माहितीये. मला वाटलेलं की जिथे पोकळी तिथे खड्डा एवढं सरळ गणित असेल. तसं निघालं नाही. बऱ्याच मोठ्या पोकळ्यांपाशी स्टील अगदी चकचकीत होतं. नंतर कळलं ते असं की पोकळी कोरडी असेल तर तिथे गंजाला लागणारं पाणीच नसतं, जिच्यात पाणी भरून राहतं तीच घात करते, आणि पाणी भरणार की नाही हे पोकळीच्या आकारापेक्षा भोवतीच्या पेस्टच्या बारीक छिद्रांवर जास्त अवलंबून होतं. निदान माझ्या नमुन्यांत तरी. हे सगळ्या काँक्रीटला लागू आहे असं मी म्हणत नाही.

पोस्टडॉकमध्ये विषय थोडा बदलला. सिमेंट बनवताना जगातल्या माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के बाहेर पडतो, म्हणून सगळीकडे सिमेंटचा काही भाग काढून स्लॅग, फ्लाय अ‍ॅश, भाजलेली चिकणमाती असं घालतात. क्लोराइड अडवायला ही मिश्रणं बरेचदा जास्त चांगली असतात, पण त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा साठा कमी राहतो त्यामुळे कार्बन डायऑक्साइडपुढे लवकर हार मानतात. इथपर्यंत सगळ्यांना माहितीये. मला अडकवलं ते मोजमापाने.

साइटवर गंज तपासायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे हाफ-सेल. कॉपर सल्फेटचा इलेक्ट्रोड काँक्रीटवर टेकवायचा, दुसरी वायर सळईला, आणि व्होल्टेज वाचायचं. एएसटीएम सी८७६ मधला जुना नियम सांगतो की उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली गेलं तर गंज असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर. माझे स्लॅगचे नमुने, ज्यांना मिठाचा थेंब लागला नव्हता, ते उणे ४५० दाखवत होते. मी इलेक्ट्रोड बदलला, मीटर बदलला, शेवटी एक नमुना फोडलाच. सळई राखाडी, कोरी, रोलिंगच्या खुणासुद्धा दिसत होत्या. कारण असं की स्लॅगमध्ये सल्फाइड असतं, ते आतलं वातावरण ऑक्सिजनला पारखं करतं आणि गंज नसतानाही पोटेन्शियल खाली ओढतं. पाण्यात कायम बुडलेल्या काँक्रीटमध्येही ऑक्सिजनअभावी असाच गोंधळ होतो. नियम चुकीचा नाहीये, तो साध्या सिमेंटच्या अनुभवावर बसवलाय आणि आपण तो मिश्रण न विचारता सगळीकडे लावतो.

तसंच गंजाच्या वेगाचं. स्टर्न आणि गिअरी यांच्या १९५७ च्या सूत्राने तो काढतात:

```
i_corr = B / R_p
```

यात i_corr म्हणजे गंजाचा करंट, R_p म्हणजे सळईचं व्होल्टेज किंचित हलवून मोजलेला तिच्या पृष्ठभागाचा रोध, आणि B हा स्थिरांक. B साठी गंजणाऱ्या स्टीलला २६ आणि न गंजणाऱ्याला ५२ मिलिव्होल्ट धरायची पद्धत आहे. म्हणजे गंजतंय की नाही हे आधी माहीत हवं, आणि तेच तर शोधायचं असतं! साध्या सिमेंटमध्ये यातून फार तर दुप्पट फरक पडतो, चालवून घेता येतं. नवीन मिश्रणांमध्ये हे आकडे तेच राहतात का, यावर माझ्याकडे २ मिश्रणांचा डेटा आहे, तो अजून पुरेसा नाही.

पुढची पाच वर्षं

पहिली दोन वर्षं बरीचशी ओतण्यात आणि वाट बघण्यात जाणार, हे आधीच सांगतो. साधं सिमेंट धरून ५ मिश्रणं, दोन प्रकारची सळईची जागा (तळाशी आणि वर, कारण वरच्या सळईखाली पाणी जास्त साचतं), निम्मे नमुने मिठात आणि निम्मे जास्त कार्बन डायऑक्साइडच्या चेंबरमध्ये. बाहेरून करंट देऊन गंज घाईने लावायची पद्धत मी वापरणार नाही. ती तडे अभ्यासायला ठीक आहे, पण गंज कुठे सुरू होतो हाच प्रश्न असेल तर करंटने तुम्ही उत्तर स्वतःच लिहून टाकता.

यातली जोखीम उघड आहे, दोन वर्षांत गंजच लागला नाही तर पीएचडीचा विद्यार्थी काय करणार? म्हणून काही नमुन्यांना कव्हर फक्त १० मिलिमीटर ठेवणार, आणि दुसरं म्हणजे पोस्टडॉकमधले ३६ नमुने मला न्यायची परवानगी मिळाली आहे, ते आत्ताच ३ वर्षं जुने आहेत. पहिला विद्यार्थी त्यांच्यावरच सुरू करेल.

तिसऱ्या वर्षापासून मोजमापाचं काम. एका आकड्यावर निकाल देण्याऐवजी पोटेन्शियल, काँक्रीटचा विद्युतरोध आणि R_p तिन्ही एकत्र वाचायचे, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक वाचनाचा पडताळा नमुना फोडून घ्यायचा. फोडणं हा या प्लॅनचा कणा आहे. न फोडता नुसत्या वाचनांवर मॉडेल बसवलेले पेपर भरपूर आहेत, मीही एक लिहिलाय, आता त्याबद्दल फार अभिमान वाटत नाही. हाती काय यावं? साइटवरच्या इंजिनिअरला मिश्रण माहीत असेल तर हाफ-सेलचं वाचन कसं घ्यायचं याचा एक साधा तक्ता, आणि जिथे हाफ-सेल वापरूच नये अशा परिस्थितींची यादी. यादी जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

चौथं-पाचवं वर्ष लॅबच्या बाहेर. पाडायला काढलेल्या जुन्या पुलांवर पाडण्याआधी सगळी वाचनं घ्यायची आणि नंतर त्याच जागेच्या सळ्या काढून बघायच्या. याला परवानग्या लागतात, पाडणाऱ्याच्या वेळापत्रकावर चालावं लागतं, त्यामुळे किती पूल मिळतील हे लिहून देत नाही, दोन मिळाले तरी चालेल. सगळी वाचनं आणि फोडलेल्या नमुन्यांचे फोटो खुले ठेवणार, फसलेल्यांसकट.

माणसं म्हणाल तर दोन पीएचडी विद्यार्थी, एक पहिल्या वर्षी आणि एक तिसऱ्या, शिवाय दरवर्षी एक-दोन मास्टर्सचे प्रोजेक्ट. पदवीच्या मटेरियल्स लॅबमध्ये मला दर बॅचकडून एक नमुना ओतून घ्यायचाय आणि पुढच्या बॅचने तो मोजायचा, क्यूब दाबून आकडा लिहिण्यापलीकडे मुलांना काँक्रीट दिसावं म्हणून. नवीन कोटिंग, गंजरोधक रसायनं यात मी शिरणार नाही, आणि पुलाचं आयुष्य १०० वर्षं असं एका आकड्यात सांगणारं मॉडेलही देणार नाही.

सुरुवातीला लागेल ते म्हणजे अनेक चॅनेलचा पोटेन्शिओस्टॅट, आर्द्रता स्थिर ठेवता येईल अशी एक खोली आणि मिठाच्या पाण्याच्या टाक्या. एक्स-रे स्कॅनर विकत नको, महिन्यातून दोन दिवस कुठल्याही विभागाचा मिळाला तरी भागेल. त्या ३६ नमुन्यांपैकी ४ चं पोटेन्शियल गेल्या महिन्यात पडायला लागलंय, तिघं स्लॅगचे आहेत म्हणून मी अजून विश्वास ठेवलेला नाही, चौथा साध्या सिमेंटचा आहे. सध्याच्या लॅबमध्ये सांगून ठेवलंय की मी हलवेपर्यंत कुणी फोडू नका.