गच्चीवरील मोबाइल टॉवर: करारापूर्वी लेखी खुलासा मिळण्याबाबत

मातोळी सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित
फोंडा, गोवा
दिनांक: 12 जानेवारी 2026

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
साइट अ‍ॅक्विझिशन विभाग,
महाराष्ट्र व गोवा सर्कल

विषय: आमच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर उभारण्याचा आपला प्रस्ताव

महोदय,

आपल्या प्रतिनिधींनी डिसेंबरमध्ये आमच्या गच्चीची पाहणी केली आणि कराराचा चार पानी मसुदा व मासिक भाड्याचा आकडा देऊन गेले. तो मसुदा व्यवस्थापक समितीने वाचला. त्यात भाडे स्पष्ट आहे, बाकी बहुतेक गोष्टी मोघम आहेत. म्हणून हे पत्र.

आमचा टॉवरला सरसकट विरोध नाही, हे आधीच सांगतो. आमच्या भागात घरात फोन लागत नाही. बँकेचा ओटीपी यावा म्हणून तळमजल्यावरची वयस्कर मंडळी बाहेर फाटकापर्यंत येतात. टॉवर हवा म्हणणारे सभासद आमच्यात आहेत, नको म्हणणारेही आहेत, आणि दोघांनाही मी सचिव म्हणून उत्तर देणे लागतो. ते उत्तर तुमच्याकडून कागदावर आल्याशिवाय मला देता येणार नाही.

सगळ्यात मोठी काळजी इमारतीची. तळमजला अधिक चार मजल्यांची ही इमारत 1998 सालची आहे. गच्चीवर टाकी आहे, आणि पावसाळ्यात गळती नको म्हणून आम्ही लोखंडी सांगाड्यावर पत्रे घातले आहेत. पाहणीला आलेल्या माणसाने गच्चीवर तांबड्या रंगाने चार फुल्या मारल्या. टॉवरचे पाय तिथे बसतील, असे तो म्हणाला. आम्ही मूळ नकाशा घेऊन वर गेलो आणि ताडून पाहिले. दोन फुल्या खांबांच्या डोक्यावर येतात. उरलेल्या दोन स्लॅबच्या मधोमध आहेत आणि त्यांतली एक चौथ्या मजल्यावरील ज्या फ्लॅटच्या छताला ओल येते, त्याच्या शयनखोलीवर. टॉवरचे वजन लोखंडी तुळयांमार्फत खांबांवर नेणार की थेट स्लॅबवर टाकणार? टॉवर, अँटेना, कॅबिनेट आणि बॅटऱ्या धरून एकूण भार किती? जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यापावसात उंच सांगाड्याला बसणारा वाऱ्याचा जोर हिशेबात धरला आहे का? 'इमारत सक्षम आहे' असा एका ओळीचा दाखला आम्हाला चालणार नाही. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियरने आमच्या खांबांची आणि काँक्रीटची प्रत्यक्ष तपासणी करून, आकडेमोडीसह दिलेला अहवाल हवा. तो आम्ही आमच्या इंजिनियरकडून पडताळून घेऊ. त्याचा खर्च आपण सोसावा.

स्लॅबला भोके पाडली की वॉटरप्रूफिंगची वाट लागते, हे गोव्यात कोणाला वेगळे सांगायला नको. पत्र्यांचा कोणता भाग काढणार, पाणी कुठून वाहून नेणार, आणि नंतर गळती झाली तर दुरुस्ती किती दिवसांत आणि कोण करून देणार, हे करारातच लिहिलेले हवे. काम पावसाळ्यापूर्वी संपणार नसेल तर ते चतुर्थीनंतरच सुरू करावे. अर्धवट उघडी गच्ची घेऊन जूनमध्ये बसण्याची आमची तयारी नाही.

आता लहरींचा प्रश्न. यावर सभासदांत भीती आहे आणि ती टिंगल करून घालवण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 साली रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवले, हे लोकांनी वाचलेले असते. टॉवरच्या परिसरात मिळणाऱ्या क्षीण लहरींमुळे आरोग्य बिघडते असा खात्रीलायक पुरावा आढळलेला नाही, असेही जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. मी दोन्ही गोष्टी सभासदांना सांगितल्या. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी मर्यादा लागू केली, म्हणजे 900 मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला 0.45 वॅट, हेही सांगितले. पण सामान्य आकड्यांनी समाधान होत नाही, आमच्या गच्चीचे आकडे हवेत. कोणत्या वारंवारिता वापरणार, किती अँटेना, गच्चीपासून किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला तोंड करून? अँटेनाचा झोत मुख्यतः समोर जातो, थेट खाली कमी. म्हणजे आमच्या चौथ्या मजल्याइतकाच शेजारच्या इमारतीचा प्रश्न आहे, कारण तिची वरची बाल्कनी आमच्या गच्चीच्या जवळजवळ पातळीत येते. त्या घरांनाही ही माहिती मिळावी, असे आम्हाला वाटते. शेजाऱ्यांच्या नकळत आम्ही भाडे घ्यावे, हे मला पटत नाही.

टॉवर सुरू करण्यापूर्वी आपण दूरसंचार विभागाला जे स्वयंप्रमाणपत्र देता, त्याची प्रत संस्थेला द्यावी. टॉवर चालू झाल्यावर गच्ची, चौथ्या मजल्यावरच्या खोल्या आणि शेजारची बाल्कनी येथे सभासदांसमोर मोजमाप व्हावे. 'तरंग संचार' पोर्टलवरून शुल्क भरून तपासणी मागता येते, हे आम्हाला माहीत आहे. पण ते शुल्क सभासदांच्या खिशातून का? पुढे नवी अँटेना चढवली किंवा दुसऱ्या कंपनीला त्याच टॉवरवर जागा दिली, तर पुन्हा मोजमाप आणि त्याआधी संस्थेची लेखी संमती, दोन्ही हवे. मसुद्यातील 'आवश्यकतेनुसार उपकरणे वाढवण्याचा अधिकार' हे वाक्य आम्हाला मान्य नाही.

डिझेल जनरेटर बसवणार का, याचे उत्तर प्रतिनिधींनी 'बहुधा नाही' असे दिले. हो किंवा नाही, एवढेच लिहून द्यावे. बॅटऱ्यांच्या आगीपासून संरक्षण, वीजरोधक आणि त्याचे अर्थिंग, वीज खात्याचा स्वतंत्र मीटर, विमा आणि तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास जबाबदारी यांचाही खुलासा करावा. रात्री-अपरात्री तंत्रज्ञ येणार असतील तर ओळखपत्र आणि चौकीदाराकडे नोंद आवश्यक. नगरपालिका आणि नगर नियोजन यांच्या परवानग्या कोण आणणार, हेही कळवावे. त्या हाती येईपर्यंत सामान फाटकातून आत येऊ देणार नाही.

करारातील मुदतीचे कलम मला सर्वांत जास्त खटकले. पंधरा वर्षांत कंपनी एका महिन्याच्या सूचनेवर केव्हाही निघू शकते, संस्थेला मात्र तो अधिकारच नाही. उद्या इमारतीला मोठी दुरुस्ती लागली किंवा पुनर्बांधणी ठरली, तर आम्ही काय करायचे? दोन्ही बाजूंना समान सूचना-मुदत, दुरुस्तीसाठी टॉवर हलवण्याची तरतूद, आणि करार संपल्यावर ठरलेल्या दिवसांत सांगाडा काढून गच्ची पूर्ववत करण्याची हमी हवी. त्या हमीपोटी अनामत रक्कमही हवी. सांगितलेले भाडे जीएसटी धरून आहे की वेगळे, टीडीएस कापून हातात किती येणार आणि दरवाढ केव्हा, हे आमच्या लेखापरीक्षकांना समजेल अशा भाषेत लिहावे. खाजगी जागेसाठी दूरसंचार कायदा 2023 मध्ये परस्परसंमतीने अटी ठरवण्याची वाट दिली आहे. तेव्हा छापील मसुदा बदलता येत नाही, हे प्रतिनिधींचे म्हणणे आम्ही मानत नाही.

संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा रविवार, 8 फेब्रुवारी रोजी सकाळी 10 वाजता तळमजल्यावर आहे. आपले लेखी उत्तर 30 जानेवारीपर्यंत मिळाले तर त्याची प्रत प्रत्येक फ्लॅटला वेळेत देता येईल. सभेला आपले इंजिनियर यावेत. फक्त भाड्याविषयी बोलू शकणारा माणूस पाठवू नये, कारण वरच्या मजल्यावरच्या लोकांचे प्रश्न भाड्याचे नाहीत. सभेचा ठराव होईपर्यंत गच्चीवर कोणतेही काम, मोजणी वा खुणा करू नयेत.

कळावे,

आपला विश्वासू,
सचिव,
मातोळी सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित
(व्यवस्थापक समितीच्या वतीने)

सोबत: मूळ नकाशातील खांबांच्या जागांची प्रत, त्यावर आपल्या चार खुणा दाखवून, चौथ्या मजल्यावरील ओलीची दोन छायाचित्रे.
प्रत: अध्यक्ष, खजिनदार व संस्थेचा सूचना फलक.