नमस्कार मॅडम, मृणाल बोलतेय

नमस्कार मॅडम, मृणाल बोलतेय. हो, बोलू शकते, अकरा वाजता मुलाखतीसाठी तुमचा फोन येणार म्हणून सगळं बाजूला ठेवूनच बसलेय. माझा आवाज नीट पोचतोय ना? छान. मध्येच मी गप्प झाले तर मी काहीतरी लिहून घेतेय असं समजा, समोर वही उघडी आहे.

ओळख थोडक्यात सांगते. दोनेक मिनिटं लागतील, मध्ये कुठेही थांबवा.

मी सहा वर्षं औषधांच्या गोदामात स्टॉक सांभाळतेय. शिक्षण बी. फार्म. सुरुवात इनवर्डला झाली. म्हणजे गाडी आली की माल, बिल, बॅच नंबर आणि एक्सपायरी जुळवून घ्यायची. आता इन्व्हेंटरी बघते. साधारण 1800 आयटम आहेत आणि माझ्यासोबत चार जण काम करतात. औषधांमध्ये आधी आलेला माल आधी काढून भागत नाही, कारण नंतर आलेल्या बॅचची मुदत कधीकधी आधी संपते. त्यामुळे आम्ही एक्सपायरी बघूनच माल बाहेर काढतो. ऐकायला सोपं वाटतं, पण घाईत पुढच्या रांगेतला खोका उचलण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. मलाही व्हायचा.

माझं खरं काम म्हणाल तर फरक शोधणं. कॉम्प्युटर सांगतो चाळीस, रॅकवर निघतात सदतीस. ते तीन कुठे गेले? पूर्वी आमच्याकडे वर्षातून एकदाच मोजणी व्हायची आणि तेव्हा हे कोडं सुटायचं नाही, कारण चूक घडून सात-आठ महिने उलटलेले असायचे. मी रोज थोडे थोडे आयटम मोजायला सुरुवात केली. जास्त खपणारे वारंवार, बाकीचे सावकाश. फरक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सापडला की बिल हाताशी असतं, डिस्पॅच करणाऱ्यालाही आठवत असतं. बहुतेक वेळा चोरीबिरी काही नसते. एकाच गोळीच्या दोन ताकदी असतात, खोके सारखेच दिसतात, आणि 250 च्या जागी 500 गेलेली असते.

एक चूक माझीही सांगते, कारण त्यातून मी बरंच शिकले. इन्सुलिन न उघडलेलं असताना 2 ते 8 अंशांत ठेवतात. गरम होऊ नये याची मला काळजी होती, गोठू नये याची तेवढी नव्हती. जागा कमी पडली म्हणून मी काही खोके फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवले. सकाळी लॉगर बघितला तर तापमान शून्याच्या खाली गेलेलं. गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं, दिसायला ठीक वाटलं, तरी वापरता येत नाही. मी ते खोके वेगळे काढले, लाल चिठ्ठी लावली आणि साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं. बोलणी खाल्ली, ती खायचीच होती. त्याच दिवशी फ्रिजच्या आत भिंतीपासून चार बोटांवर पट्टी मारली. खोका त्या पट्टीच्या पलीकडे जायचा नाही.

नाही, तुम्ही हसलात ते बरं झालं. फोनवर समोरच्याला कंटाळा आलाय का तेच कळत नाही.

तसं फोनवर बोलणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. मी शाखांना बॅच नंबर फोनवर देते तेव्हा एकेक अंक सुटा सांगते आणि समोरच्याकडून परत वाचून घेते. नव्या माणसांना वाटतं, ताई विश्वास ठेवत नाहीत. विश्वासाचा प्रश्न नसतो, लाइनवर ‘बी’ आणि ‘डी’ सारखेच ऐकू येतात.

रेझ्युमेमध्ये आठ महिन्यांची एक मोकळी जागा दिसेल. वडिलांचं ऑपरेशन झालं होतं, मी घरी होते. आता ते बरे आहेत, आणि सहा वर्षं मी त्या आठ महिन्यांशिवायच धरली आहेत.

नोकरी बदलायचं कारण एवढंच की मी आलेला माल सांभाळते, पण किती मागवायचा ते दुसरीकडे ठरतं. मुदत संपून परत जाणारा माल बघितला की वाटतं, हे तीन महिने आधीच दिसत होतं. तुमच्या जाहिरातीत प्लॅनिंगची जबाबदारी लिहिलीय, म्हणून अर्ज केला. प्लॅनिंगचा थेट अनुभव मला नाही, हे आधीच सांगते. पण दर महिन्याचा खप, पडून राहिलेला माल आणि परत गेलेला माल यांची शीट मी दोन वर्षं स्वतः ठेवतेय, ती समजावून सांगू शकेन.

नोटीस पिरियड 30 दिवसांचा आहे. शिफ्ट कोणतीही चालेल.

माझाही एक प्रश्न होता मॅडम, विचारू का? या जागेवरच्या माणसाला खरेदीच्या मीटिंगमध्ये बसायला मिळतं, की आकडे फक्त मेलवर पाठवायचे असतात?