अग्नी विमा दाव्यापोटी अंतिम मूल्यांकनापूर्वी ऑन अकाउंट रक्कम मिळण्याबाबत

दिनांक : १० एप्रिल २०२५
डिचोली, गोवा

प्रति,
माननीय विभागीय व्यवस्थापक,
अग्नी दावे विभाग,
विभागीय कार्यालय, पणजी

विषय : डिचोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या काजू प्रक्रिया कारखान्याला ६ फेब्रुवारी २०२५ रोजी लागलेली आग. दाव्याचे मूल्यांकन पूर्ण होईपर्यंत दाव्यापोटी २ कोटी २५ लाख रुपये ऑन अकाउंट देण्याची विनंती.

महोदय,

६ फेब्रुवारीच्या रात्री आमच्या कारखान्याला आग लागली. मुख्य प्रक्रिया शेड, त्यातली यंत्रसामग्री आणि शेडला लागून असलेल्या गोदामातला माल जळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आपल्या कार्यालयाला कळवले. आपण नेमलेले सर्वेक्षक तत्परतेने जागेवर आले आणि तेव्हापासून त्यांचे काम चालूच आहे. मागितलेला प्रत्येक कागद आम्ही त्यांना दिला आहे. दावा मोठा आहे, मोजणी किचकट आहे आणि त्यांनी ती घाईत उरकावी असे आमचे म्हणणे नाही. मात्र ज्या भागाबद्दल आता कोणाचाही वाद उरलेला नाही, त्यापोटीची रक्कम संपूर्ण मूल्यांकन होईपर्यंत थांबवून ठेवू नये, एवढीच या पत्रातली मागणी आहे.

ती आजच का, हे आधी सांगतो, कारण आमच्या धंद्याचे वेळापत्रक ऋतू ठरवतो.

गोव्यात काजूची बी मार्च ते मे या काळात बागायतदारांकडून बाजारात येते. वर्षभर कारखाना चालवायचा तर या तीन महिन्यांत बी विकत घेऊन, उन्हात वाळवून, गोणींत भरून गोदामात लावावी लागते. मेअखेर वळवाचे पाऊस सुरू झाले की वाळवण थांबते. त्यानंतर मिळणारी बी ओली असते, तिच्यातला गर काळा पडतो आणि भाव चढलेला असतो. एप्रिलचे दहा दिवस गेले तरी आमच्या गोदामात नव्या हंगामाची एक गोणी आलेली नाही. सत्तरी आणि डिचोलीतले जे बागायतदार वर्षानुवर्षे आम्हालाच बी घालतात, त्यांना आम्ही आठवड्या-आठवड्याने थांबायला सांगत आहोत. तेही किती थांबणार? त्यांनाही पैसा हातात हवा असतो.

दुसरी गोष्ट छपराची. प्रक्रिया शेडचे पत्रे आणि निम्म्याहून अधिक लोखंडी कैच्या आगीत वाकल्या. आत अजून वाचलेली यंत्रे आहेत : दोन बोर्मा ड्रायर, बॉयलरचा सांगाडा आणि कलर सॉर्टर. सर्वेक्षकांच्या सूचनेनुसार त्यांच्यावर ताडपत्री घातली आहे. पण मिरग लागल्यावर डिचोलीचा पाऊस ताडपत्रीने अडत नाही. ती यंत्रे भिजून गंजली, तर आज दुरुस्त होण्याजोगी असलेली वस्तू उद्या भंगारात जाईल. मग ते नुकसान आगीचे की पावसाचे, यावर आपल्यात नवा वाद उभा राहील. नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे हे विमाधारकाचे कर्तव्य आहे आणि ते आम्हाला पार पाडायचे आहे. ठेकेदाराने छपरासाठी ३८ लाखांचा अंदाज दिला असून निम्मी रक्कम आगाऊ मिळाल्याशिवाय तो लोखंड उचलायला तयार नाही. १५ मेच्या आत काम सुरू झाले नाही, तर ते पावसाळ्यानंतरच होईल.

तिसरी बाब बँकेची. आमचे कॅश क्रेडिट मालाच्या तारणावर आहे. माल जळाल्यामुळे फेब्रुवारीअखेरच्या स्टेटमेंटनुसार उचल मर्यादा जवळजवळ शून्यावर आली आणि खात्यातली बाकी तिच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. ही स्थिती सलग ९० दिवस राहिली की खाते अनुत्पादित ठरते. म्हणजे मेअखेर. एकदा तो शिक्का बसला की पुढच्या हंगामालाही कोणी कर्ज देणार नाही.

आता आकड्यांकडे वळतो. आमचा एकूण दावा ५ कोटी ३ लाखांचा आहे : इमारत ७४ लाख, यंत्रसामग्री १ कोटी ३८ लाख आणि माल २ कोटी ९१ लाख. आजच्या मागणीचा आधार मात्र हा पूर्ण आकडा नाही. सर्वेक्षकांच्या उपस्थितीत झालेली मोजणी, खरेदीची बिले, स्टॉक रजिस्टर आणि बँकेला दिलेली जानेवारीअखेरची स्टेटमेंट्स ज्या बाबींत जुळली आहेत, तेवढ्याच आम्ही हिशेबात धरल्या आहेत.

मालात कच्ची बी ९६ टन, किलोला १२५ रुपये खरेदीदराने १ कोटी २० लाख. डब्यांत बंद केलेला तयार गर १७ टन, किलोला ७५० रुपये या उत्पादन खर्चाने १ कोटी २७ लाख ५० हजार. विक्रीची किंमत आम्ही कुठेही धरलेली नाही. भट्टीवर, सोलणीत आणि वाळवणीत असलेल्या अर्धवट मालाचे ४३ लाख ५० हजार पूर्णपणे बाजूला ठेवले आहेत, कारण बीमधून गराचा उतारा किती टक्के धरायचा यावर सर्वेक्षकांची पडताळणी चालू आहे. अर्धवट जळलेल्या बीसाठी आलेल्या बोलींपैकी सर्वांत मोठी ९ लाखांची आहे. ती वजा केली की मालापोटी २ कोटी ३८ लाख ५० हजार उरतात.

यंत्रसामग्रीत पूर्ण नष्ट झालेल्या सात यंत्रांची यादी सर्वेक्षक आणि आमचे अभियंता यांच्यात एकमताने ठरली आहे. घसारा वजा करून त्यांचे बाजारमूल्य ५२ लाख येते. कलर सॉर्टर दुरुस्त होईल की नाही याचा निर्णय बाकी असल्याने तो यात नाही. इमारतीचे घसारा वजा मूल्यांकन ४६ लाख आहे. आमच्या पॉलिसीत पुनर्स्थापन मूल्याचे कलम आहे आणि त्याखालचा हक्क आम्ही सोडत नाही. परंतु प्रत्यक्ष खर्च होईपर्यंत कंपनीची जबाबदारी बाजारमूल्यापुरती असते हे आम्हाला मान्य आहे, म्हणून आजची मागणी त्याच पायावर केली आहे.

या तिन्हींची बेरीज ३ कोटी ३६ लाख ५० हजार होते. पॉलिसीतला ५ लाखांचा एक्सेस वजा करून ३ कोटी ३१ लाख ५० हजार. त्यापैकी आम्ही २ कोटी २५ लाख मागत आहोत, म्हणजे सुमारे ६८ टक्के. उरलेली १ कोटी ६ लाख ५० हजारांची फट मुद्दाम ठेवली आहे. कमी विम्याबद्दल सरासरीचे कलम लावण्याची वेळ येईल असे आम्हाला वाटत नाही. आगीच्या दिवशी जळालेला आणि वाचलेला मिळून एकूण माल ३ कोटी ६० लाखांचा होता आणि मालाची विमा रक्कम ४ कोटी ५० लाख आहे. तरीही सर्व बाबींवर १५ टक्के कपात झाली असे क्षणभर धरले, तर एक्सेस वजा जाता सुमारे २ कोटी ८१ लाख देय राहतात. आमची मागणी त्याहूनही खाली आहे.

आगीच्या कारणाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण जबाबदारीचा प्रश्न तिथेच अडतो. अग्निशमन सेवेच्या अहवालात आग विद्युत पॅनेलच्या खोलीत सुरू झाल्याचे नोंदवले आहे. पोलीस पंचनाम्यातही तेच आहे. ज्या विद्युत उपकरणात शॉर्ट सर्किटने आग लागते ते उपकरण स्वतः पॉलिसीतून वगळलेले असते. म्हणून ३ लाख ४० हजारांचा तो पॅनेल आमच्या वरच्या कोणत्याही आकड्यात नाही. पण तिथून पसरलेल्या आगीने झालेले नुकसान या अपवादात येत नाही. काजूची टरफले तेलकट असतात आणि आपोआप पेटू शकतात, ही शंका सर्वेक्षकांनी उपस्थित केली होती. शंका रास्त होती. तिचे उत्तर जागेवरच मिळाले : टरफलांचा ढीग कारखान्याच्या मागच्या कुंपणाजवळ, शेडपासून दूर आहे आणि तो आजही जसाच्या तसा आहे. त्याचे छायाचित्र सर्वेक्षकांनी स्वतः घेतले आहे.

जळालेल्या मालावर घेतलेला जीएसटीचा इनपुट क्रेडिट आम्हाला परत करावा लागणार आहे. तो आमचा खरा खर्च असला तरी त्याचा हिशेब अंतिम दाव्यात मांडू, आज नाही.

मिळालेल्या रकमेचा विनियोगही नोंदवून ठेवतो. छपरासाठी ३८ लाख, मलबा हटवणे आणि नवे वायरिंग यासाठी २२ लाख, ड्रायर व कुकरच्या आगाऊ रकमेपोटी ५५ लाख आणि हंगामातल्या बीच्या खरेदीसाठी १ कोटी १० लाख. पॉलिसीत बँकेचे कलम असल्याने रक्कम बँकेच्या नावेच द्यावी. ती खात्यात जमा झाल्यावर याच कामांसाठी उचलू देण्यास बँकेने लेखी संमती दिली आहे. आमच्याकडे सोलणी आणि निवडणीचे काम करणाऱ्या ८४ जणी आहेत, बहुतेक आसपासच्या गावांतल्या. त्यांचे बुडालेले वेतन या पॉलिसीत येत नाही हे आम्ही जाणतो आणि ते आपल्याकडे मागत नाही. पण कारखाना जूनमध्ये चालू होतो की दिवाळीनंतर, यावर त्यांची घरे अवलंबून आहेत, हे आपल्या कानावर घालणे आम्हाला गरजेचे वाटते.

हे पत्र दोन्ही पक्षांचे हक्क अबाधित ठेवून लिहिले आहे. ही रक्कम दिल्याने अंतिम रकमेबाबत किंवा पॉलिसीच्या कोणत्याही अटीबाबत कंपनी बांधली जाणार नाही. विमा अधिनियम १९३८ च्या कलम ६४ यूएमनुसार सर्वेक्षकांच्या आकड्याहून वेगळी रक्कम ठरवण्याचा आपला अधिकारही तसाच राहील. अंतिम देय रक्कम यापेक्षा कमी ठरली, तर फरक परत करण्याचे हमीपत्र आम्ही स्टॅम्प पेपरवर करून देऊ. आमच्या बाजूने एकच आग्रह आहे : पावतीवर ही रक्कम ‘दाव्यापोटी अंशतः, ऑन अकाउंट’ अशी स्पष्ट लिहिलेली असावी. ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असलेल्या व्हाउचरवर आम्ही सही करू शकणार नाही.

तरी सर्वेक्षकांना वरील निर्विवाद बाबींपुरता अंतरिम अहवाल आणि ऑन अकाउंट रकमेची शिफारस लगेच पाठवण्यास सांगावे आणि आपला निर्णय २५ एप्रिलपर्यंत लेखी कळवावा. यातली एखादी बाब आपल्याला अमान्य असेल, तर तेवढीच वगळून उरलेली रक्कम द्यावी, एका बाबीसाठी सगळी अडवू नये. कोणताही आकडा समजून घ्यायचा असल्यास आमचे हिशेबनीस आणि अभियंता मूळ कागदांसह आपण म्हणाल त्या दिवशी पणजीला येतील.

आपला विश्वासू,

व्यवस्थापकीय भागीदार
काजू प्रक्रिया कारखाना, डिचोली औद्योगिक वसाहत

सोबत : संयुक्त मोजणीचा तक्ता, नष्ट यंत्रांची सहमत यादी, इमारतीचे मूल्यांकन, भंगाराच्या बोली, अग्निशमन अहवाल व पंचनाम्याची प्रत, छपराचा अंदाज, बँकेचे संमतीपत्र, हमीपत्राचा मसुदा.

प्रत : सर्वेक्षक, शाखा व्यवस्थापक, कर्ज देणारी बँक, डिचोली.