मूळ पॉलिसी हरवल्यामुळे दुय्यम प्रत मिळण्यासाठी अर्ज व हमीपत्र

दिनांक : २ जून २०२६
सोनाळ, सत्तरी, गोवा

प्रति,
मा. शाखाधिकारी,
जीवन विमा शाखा कार्यालय, वाळपई

विषय : पॉलिसी क्र. ९३८४१७२०६ ची दुय्यम प्रत मिळण्याबाबत

महोदय,

मी शांताराम पुंडलिक गावस, वय ५१, व्यवसाय बागायती. २८ सप्टेंबर २००६ रोजी आपल्या शाखेतून माझ्या नावे २० वर्षे मुदतीची, १,००,००० रुपये विमा रकमेची पॉलिसी घेतली. सर्व हप्ते वेळेवर भरले आहेत. येत्या २८ सप्टेंबरला मुदत पूर्ण होते.

२३ जुलै २०२१ रोजी म्हादईला पूर आला, तेव्हा आमच्या घरात पाणी शिरले. कागदपत्रांची पेटी चिखलाने भरली. ओले कपडे, वह्या, कागद त्या गडबडीत एकत्रच बाहेर काढले, बरेच टाकूनही द्यावे लागले. पॉलिसी भावाकडच्या फायलीत सुरक्षित आहे, अशी माझी समजूत होती. मुदतपूर्तीचे पत्र आल्यावर ती फाईल उघडली, तर त्यात फक्त हप्त्यांच्या पावत्या निघाल्या. त्यानंतर दोन्ही घरे शोधली. पॉलिसी सापडली नाही. २५ मे रोजी वाळपई पोलीस स्थानकात हरवल्याची नोंद केली आहे.

ही पॉलिसी मी कोणाकडे गहाण ठेवलेली नाही, कोणाच्या नावे केलेली नाही आणि तिच्यावर कर्जही घेतलेले नाही. नामनिर्देशित व्यक्ती माझी पत्नी सौ. सुमन ही आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढे अडचण नको. पॉलिसीवर माझे नाव नुसते ‘शांताराम गावस’ आहे. आधार कार्डावर वडिलांच्या नावासह आहे. दोन्ही नावे माझीच. पडताळणीसाठी मतदार ओळखपत्रही जोडले आहे. मूळ कार्डे मी सोबत आणली आहेत.

दुय्यम प्रतीचे शुल्क व त्यावरील कर भरण्यास मी तयार आहे. या रकमेतूनच पुरात खचलेली घराची मागची भिंत बांधायची आहे. त्यामुळे मुदतीपूर्वी प्रत मिळावी, ही कळकळीची विनंती.

हमीपत्र

मी वरील शांताराम पुंडलिक गावस असे लिहून देतो की, मूळ पॉलिसी पुढे सापडल्यास ती न वापरता ताबडतोब आपल्या शाखेत जमा करीन. मूळ पॉलिसीच्या आधारे कोणीही हक्क सांगितला आणि दुय्यम प्रत किंवा तिची रक्कम मला दिल्यामुळे कंपनीला नुकसान अथवा खर्च सोसावा लागला, तर तो मी भरून देईन. ही हमी माझ्यावर व माझ्या वारसांवर बंधनकारक राहील. वरील मजकूर खरा आहे. हाच मजकूर स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर सही करून जोडला आहे.

आपला विश्वासू,
(सही)
शांताराम पुंडलिक गावस

जामीनदार : (सही) महादेव पुंडलिक गावस, भाऊ
साक्षीदार : (सही) विठोबा सोमा गावकर, सोनाळ

सोबत : आधार कार्ड व मतदार ओळखपत्राच्या स्वसाक्षांकित प्रती, पोलीस नोंदीची प्रत, शेवटच्या हप्त्याची पावती, नोटरीकृत हमीपत्र, जामीनदाराच्या आधार कार्डाची प्रत, दोन फोटो.