डायट रिव्ह्यू नोट: वॉरफरिन, मेटफॉर्मिन आणि फ्युरोसेमाइडवरच्या आजी

तारीख 2 सप्टेंबर 2024, सोमवार. ओपीडीत पेशंट आणि सूनबाई दोघींशी बोलून लिहिलंय. सर, आधी पालेभाजीचा भाग वाचा, बाकीचं थोडं थांबलं तरी चालेल.

पेशंट 66 वर्षांच्या, शुद्ध शाकाहारी. जुना ऱ्हुमॅटिक व्हॉल्व्हचा त्रास (मायट्रल स्टेनोसिस) आणि एट्रियल फिब्रिलेशन, म्हणून वॉरफरिन, टार्गेट आयएनआर 2 ते 3. मेटफॉर्मिन 1000 सकाळ-संध्याकाळ, नऊ वर्षं झाली. फ्युरोसेमाइड 40 सकाळी. शिवाय पँटोप्रॅझोल वर्षभर रोज चालूच आहे, ते फाइलच्या पहिल्या पानावर नाहीये, सूनबाईंनी पिशवीतून स्ट्रिप काढून दाखवली तेव्हा कळलं.

आता मुख्य गोष्ट. 11 जूनला आयएनआर 2.3 होता, 5 ऑगस्टला 3.9 आला आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं, म्हणून आठवड्याचा डोस 35 वरून 30 मिग्रॅवर आणला, 26 ऑगस्टला 2.6. कागदावर सगळं ठीक दिसतंय. पण मी खाण्याचं विचारलं तेव्हा कळलं की आजींनी आषाढी एकादशीपासून, म्हणजे 17 जुलैपासून, चातुर्मासाचा नेम म्हणून पालेभाजी पूर्ण सोडलीय. त्याआधी घरात रोज संध्याकाळी पालेभाजी असायचीच, पालक नाहीतर मेथी, कधी शेपू, कधी अळूचं फतफतं, आणि त्यांचा वाटा चांगला मोठी वाटीभर. पालकात शंभर ग्रॅमला 480 मायक्रोग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन के असतं, बाईमाणसाची दिवसाची गरज साधारण 90 धरतात, म्हणजे रोजची केवढी मोठी आवक एका दिवसात बंद झाली बघा. वॉरफरिन व्हिटॅमिन केचंच काम अडवतं, के कमी आलं की तोच डोस जास्त पडतो.

म्हणजे आत्ताचा 30 मिग्रॅचा डोस हा पालेभाजी नसलेल्या ताटाला बसवलेला डोस आहे. कार्तिकी एकादशी 12 नोव्हेंबरला आहे, नेम सुटणार, आणि आजी आत्ताच म्हणतायत की सुटला की पहिली मेथीची भाजी करायची. त्या दिवसापासून पुन्हा रोज वाटीभर भाजी सुरू झाली आणि डोस हाच राहिला तर आयएनआर 2 च्या खाली जाईल, आणि या व्हॉल्व्हला ते परवडणारं नाही, गुठळीची भीती खरी आहे. रक्त आलं तर घरचे धावत येतात, आयएनआर खाली गेला तर कोणालाच काही जाणवत नाही, म्हणून याची जास्त काळजी वाटते.

एक शंका राहते, ती पण लिहून ठेवते. जुलैमध्येच शेजारणीच्या सांगण्यावरून साखरेसाठी मेथीदाण्याची पूड रोज एक चमचा सुरू केलीय. मेथीदाण्याने वॉरफरिनचा परिणाम वाढल्याचं नोंदलेलं आहे, त्यामुळे 3.9 ला एकटी पालेभाजी जबाबदार असं ठामपणे म्हणता येत नाही. पूड आजपासून बंद करायला सांगितली. मग आयएनआर थोडा खाली येऊ शकतो, म्हणून 9 सप्टेंबरला एकदा बघूया.

नेम मोडा असं मी सांगितलेलं नाही आणि कोणी सांगू पण नये, त्या ऐकणार नाहीत आणि पुढच्या वेळी खाण्याबद्दल खरं बोलणार नाहीत. ठरलंय असं: नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूनबाई फोन करणार, 11 नोव्हेंबरला आयएनआर, मग पालेभाजी आठवड्यात तीनदा, छोटी वाटी, ठरलेले वार, एकदम रोज नाही. 19 आणि 26 नोव्हेंबरला परत आयएनआर, त्यावर डोस तुम्ही ठरवा. भाजीवर कोथिंबीर चिमूटभर आत्ताही घालतात, ती तेवढीच चालू दे. तेल शेंगदाण्याचं आहे, त्यात के नगण्य, सोयाबीनचं आणायचं झालं तर आधी विचारा असं सांगितलंय.

बी-12. रिपोर्ट 168 पिकोग्रॅम, हिमोग्लोबिन 10.9, तळपायाला मुंग्या दोन-तीन महिन्यांपासून. शाकाहार, नऊ वर्षं मेटफॉर्मिन आणि वर पँटोप्रॅझोल, तिन्ही एकाच बाजूला ओढतात. मुंग्या डायबेटिसच्याच असं धरून पुढे जाऊ नये प्लीज. इंजेक्शनचा विचार असेल तर त्या दिवशीचा आयएनआर बघूनच, वॉरफरिनवर स्नायूत सुई म्हणजे आत रक्त साचायचा धोका, तोंडाने रोज 1000 मायक्रोग्रॅमचा पर्याय पण आहे, मुंग्यांमुळे कुठला ते तुम्ही ठरवा. नुसतं फोलिक ॲसिड आधी देऊ नका, रक्त सुधारलेलं दिसेल आणि नसांचं नुकसान चालूच राहील. एचबीए1सी 7.6 आहे पण बी-12 कमी असताना तो खोटा थोडा वर दिसू शकतो, डोस वाढवायच्या आधी घरची ग्लुकोमीटरची वही बघा. पँटोप्रॅझोल अजून लागतंय का तेही बघायला हवं. ईजीएफआर 62, म्हणजे किडनीच्या हिशोबाने मेटफॉर्मिनला अडचण नाही.

पोटॅशियम 3.4. फ्युरोसेमाइड पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही बाहेर टाकतं, आणि वर आजी खोकल्यासाठी तीन आठवडे ज्येष्ठमधाचा काढा पितायत, दिवसातून दोनदा. ज्येष्ठमध पोटॅशियम आणखी खाली ओढतं आणि अंगात पाणी धरून ठेवतं, हृदयाच्या पेशंटला दोन्ही नको. काढा आजच बंद. घरी वाटतं काढ्याने काही होत नाही, म्हणून सूनबाईंना वेगळं बसवून समजावलं. मॅग्नेशियम केलेलंच नाहीये, पुढच्या रक्ताबरोबर करा, ते कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही. खाण्यात रोज एक केळं किंवा पेरू, दुपारी पातळ ताक, डाळीचं प्रमाण नेहमीसारखं. कमी सोडियमचं मीठ आणायचं म्हणत होते, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, तुम्ही पुढे स्पायरोनोलॅक्टोन जोडलं तर महागात पडेल, म्हणून नको म्हटलं, साधंच मीठ पण कमी, लोणचं-पापड रविवारी एकदाच.

आज शेवटचा श्रावणी सोमवार, उपास होता. सकाळी नुसत्या चहावर मेटफॉर्मिन घेतली आणि इथे बसल्या बसल्या मळमळलं. उपासाला गोळी फराळाबरोबरच घ्यायची, साबुदाण्याची खिचडी अर्धी वाटी आणि सोबत दही किंवा दाण्याची आमटी, पाणी तुम्ही ठरवून दिलंय तेवढं प्यायचंच, कारण फ्युरोसेमाइड चालू आणि पाणी बंद असं झालं तर किडनी आणि मेटफॉर्मिन दोन्हीची भानगड होते. जुलाब-उलट्या लागल्या किंवा दोन दिवस जेवण गेलं नाही तर आधी फोन, गोळ्या स्वतःहून बदलायच्या नाहीत, त्यात आयएनआर पण वर जातो.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणायचं नाही हे दोघींना परत सांगितलं.

सूनबाईंना वरच्या तारखा कागदावर लिहून दिल्यात, तो कागद फ्रिजवर लावणार म्हणाल्या. माझ्याकडून पुढची भेट 9 सप्टेंबर, आयएनआर, पोटॅशियम, मॅग्नेशियमचे रिपोर्ट घेऊन.