वाईहून आलेला डबा: दिवाळी शुभेच्छा व्हिडिओचं निवेदन

आपल्या बचत गटाचा व्हिडिओ. लांबी सुमारे चार मिनिटं. आवाज काकूंचा. यंदा फराळ मागवलेल्या सगळ्यांना वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर जाईल.

काकू, रेकॉर्डिंगच्या आधी एवढं वाचा. ओळी तुमच्या रोजच्या बोलण्यातल्याच ठेवल्या आहेत. तिरकी रेघ दिसली की छोटा श्वास. कागदावर ओळ संपली म्हणून थांबू नका, बोलणं संपेल तिथं थांबा. यमकाच्या शब्दावर जोर नको, तो आपसूक ऐकू येतो. पोळ्या लाटताना दोनतीनदा म्हणून बघा. जीभ अडखळली तर तो शब्द मला सांगा, मी बदलतो. वाचून दाखवल्यासारखं वाटलं तर ही सगळी मेहनत फुकट जाईल. समोर पुण्याची भाची बसली आहे, असं समजून बोला.

दृश्य १. कृष्णेचा घाट, अंधार, पाण्याचा आवाज. चार सेकंद काहीच बोलायचं नाही. मग खिडकीतला उजेड.

पहाट अजून झाली नाही, / कोंबडा अजून आरवला नाही.
रात्रभर चूल पेटती आहे, / दिवा कुणी मालवला नाही.

दृश्य २. स्वयंपाकघर. कढईत झारा फिरतोय. चेहरे नकोत, फक्त हात.

अकरा जणी, कढई एक, / बेसनाला मंद आच.
कधी उतरवायचं? वास सांगतो, / आमचं घड्याळ म्हणजे हाच.

भाजणी मळली, चकली पाडली, / पहिली गेली देवापुढं.
दुसरी मोडून सगळ्यांनी खाल्ली, / मगच घाणा सरकला पुढं.

(इथं दोन सेकंद मोकळे. चकली मोडल्याचा आवाज माइकजवळ धरून वेगळा घ्यायचा आहे. त्यावर संगीत घालणार नाही.)

अनारसा म्हणतो, तांदूळ माझे / तीन दिवस भिजू द्या.
गुळासोबत पीठ मुरलं की / खसखशीवर थापून घ्या.

सत्तरीच्या आमच्या आजी / करंजीला मुरड घालतात.
डोळ्यांना आता कमी दिसतं, / बोटं मात्र बरोबर चालतात.

(आजींची बोटं पूर्ण मुरड होईपर्यंत दाखवायची, मध्ये कापायचं नाही. वेळ गेला तरी चालेल.)

दृश्य ३. डबे, चिकटपट्टी, पत्ते लिहिणारा हात.

डबे भरले, नावं घातली, / एक पुण्याला, एक ठाण्याला,
एक चालला हॉस्टेलवर / नगरच्या एका शहाण्याला.

एक निघाला लंडनला, / चौफेर पक्की टेप लावून.
"मी नाही गेले कधी," म्हणाली, / "माझी चकली येईल जाऊन."

("शहाण्याला" म्हणताना हसू आलं तर येऊ द्या. पुढची चार वाक्यं मात्र सावकाश. डबा बांधताना मावशी हे खरंच बोलल्या, तेव्हा मी तिथंच होतो. हा व्हिडिओ मला त्या एका वाक्यासाठी करावासा वाटला. "माझी चकली" वर आवाज चढवू नका, त्या म्हणाल्या तशाच सहज म्हणा.)

दृश्य ४. दिवाळीचे दिवस, प्रत्येकाला एकच चित्र.

वसुबारसेला गाय अन् वासरू, / हळद-कुंकू, पाठीवर हात.
धनत्रयोदशीला यमासाठी / दक्षिणेकडं दिव्याची वात.

पहिल्या अंघोळीला कुडकुडत / अंगाला लागतं तेल-उटणं,
अन् पायाच्या अंगठ्याखाली / कारिटाचं ते फट्कन फुटणं.

लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे, / केरसुणीला कुंकवाचं बोट.
घर झाडते तीपण लक्ष्मीच की, / तिच्या मानात नको खोट.

पाडव्याला तेच म्हणायचं, / इडा पिडा टळो, / बळीचं राज्य येवो.
ज्याच्या भाताचे पोहे आपण खातो / त्याच्याही घरी चिवडा होवो.

(ही ओळ इतरांपेक्षा लांब आहे, मुद्दाम तशीच ठेवली. "टळो" नंतर पूर्ण श्वास घ्या, मग ती बसते.)

भाऊबीजेला भाऊ नाही आला / तर बहीण चंद्राला ओवाळते.
"जेवलास का रे?" विचारताना / फोनवर आवाज सांभाळते.

(रडका सूर नको. उलट इथं आवाज थोडा खाली आणि साधा. ओळ संपली की तीन सेकंद शांत. पडद्यावर फक्त चंद्र आणि निरांजन.)

दृश्य ५. अंगण. मुलांचा किल्ला. इथं आवाजात एकदम उत्साह.

पोरांनी केलाय प्रतापगड, / चिखलाचे हात, चिखलाचं नाक.
तटाखाली मोहरी उगवली, / मावळा देतो बुरुजावर हाक.

(प्रतापगड आपल्या वाईपासून जवळच, म्हणून पोरं दरवर्षी तोच करतात. मोहरी शूटिंगच्या आठवडाभर आधी पेरायला सांगितली आहे, म्हणजे हिरवी दिसेल.)

दृश्य ६. कुणाच्या तरी घरी डबा उघडला जातो. नगरच्या मुलानं हॉस्टेलवर मोबाइलवर काढलेलं चित्रण वापरायचं, थोडं हललेलं असलं तरी.

तर मंडळी, डबा उघडा, / झाकण निघालं की डोळे मिटा.
लाडू एकट्यानं संपवू नका, / शेजारच्यांनाही द्या थोडा वाटा.

कुणी तिकडं एकटं असेल, / त्याला फराळाला बोलवून घ्या.
आमच्याकडून एक चकली जादा / त्याच्या हातावर ठेवून द्या.

दृश्य ७. घाटाच्या पायऱ्यांवर अकराही जणी, हातात पणत्या. आता पहिल्यांदा चेहरे दिसतात.

वाईहून, कृष्णाकाठावरून / अकरा जणींचा नमस्कार.
दिवाळी सुखाची जावो तुम्हाला, / उजळू दे तुमचं घर अन् दार.

(यानंतर सगळ्यांनी मिळून "शुभ दीपावली!" म्हणायचं. एका सुरात आलं नाही तरी चालेल, पुन्हा घ्यायचं नाही. कुणी मागं राहिली, कुणी हसली, तर ते तसंच ठेवायचं.)

स्टेटससाठी तीस सेकंदांचा तुकडा. हाच आवाज, वेगळा रेकॉर्ड करायचा, कारण मोठ्या निवेदनातून कापला तर श्वास तुटतो.

अकरा जणींनी रात्र जागून / डबा तुमचा भरला आहे.
करंजीच्या प्रत्येक मुरडीवर / आजींचा हात फिरला आहे.

तुम्ही लांब, आम्ही वाईत, / मध्ये कितीतरी गावं, घाट.
डबा पोचला की फोन करा, / आम्ही बघतोय त्याचीच वाट.